गादीच्या टॅगचा फोटो वाचून तशीच गादी कशी शोधायची

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात गादी घ्यायला निघालेलं माणूस बहुतेक वेळा मोबाईलमध्ये एक फोटो घेऊनच दुकानात येतं. लेक पुण्याला असते, भाऊ गोव्यात नोकरीला असतो, नणंद हुबळीला. तिथे चार रात्री झोपून आलेल्या आईला किंवा सासूबाईंना ती गादी मानवते आणि मग टॅगचा फोटो मागवला जातो. दुकानात तो दाखवला की उत्तर येतं, "अगदी सेम देतो बघा." रंग सारखा असतो, जाडीही सारखी असते. आतला माल मात्र वेगळा निघू शकतो, कारण आत काय आहे ते खोळीवरून दिसत नाही. ते टॅगवर असतं, आणि टॅग वाचायची एक पद्धत आहे. तीच इथे एका खऱ्या धाटणीच्या टॅगवर पायरीपायरीने करून दाखवतो. पहिल्यांदाच गादी घेणाऱ्यालाही जमेल अशी ती आहे.

पहिली पायरी: फोटो नीट मागवा

टॅग बहुतेक गाद्यांना पायथ्याच्या बाजूला, कडेच्या शिवणीत शिवलेला असतो. पांढरी, सॅटिनसारखी गुळगुळीत पट्टी आणि तिच्यावर काळी छपाई. चेन असलेल्या खोळीत कधीकधी तो चेनजवळ आतल्या बाजूला असतो. वरच्या कापडावर जी मोठी, विणलेली नावाची पट्टी दिसते तिच्यावर फक्त कंपनीचं नाव असतं, आपल्याला तिचा फारसा उपयोग नाही. फोटो पाठवणाऱ्याला आधी हेच सांगायला हवं, कारण दहातले बरेच जण त्या मोठ्या पट्टीचाच फोटो पाठवतात.

फोटो काढताना पट्टी दोन बोटांनी ताणून सपाट धरावी आणि दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. छपाई फिकी झाली असेल तर फ्लॅश मारू नये, गुळगुळीत पट्टीवर तो चमकतो आणि अक्षरं खाऊन टाकतो. खिडकीचा उजेड एका बाजूने तिरका पडेल असं धरलं तर झिजलेली अक्षरंही वाचता येतात. मधल्या भागाचा एक फोटो अगदी जवळून हवा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि 3 व 8 मधला फरक नेमका तिथेच जातो. म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, तो जसाच्या तसा येतो.

टॅगबरोबर आणखी दोन गोष्टी मागवा: गादीची कडेची बाजू दिसेल असा एक फोटो, आणि जपून ठेवलेलं असेल तर वॉरंटी कार्ड किंवा बिल. टॅगवरची एखादी ओळ पुसली असली तर ती कित्येकदा कार्डावर सापडते.

दुसरी पायरी: मापाची आणि थरांची ओळ आधी वाचा

टॅगवर डोळा आधी मोठ्या अक्षरांकडे जातो, म्हणजे मॉडेलच्या नावाकडे आणि 'ऑर्थो', 'लक्झरी', 'कम्फर्ट' अशा शब्दांकडे. हे शब्द सुरुवातीला बाजूला ठेवा. 'ऑर्थो' लिहिलेल्या गादीत काथ्याही असतो, दाबलेला फोमही असतो आणि साधा फोमही असतो. त्या शब्दावरून आतला माल ठरत नाही.

समजा निपाणीच्या एका वैनींना सासूबाईंसाठी गादी घ्यायची आहे. कोल्हापूरला नणंदेकडे सासूबाई आठवडाभर झोपल्या, कंबर दुखली नाही. नणंदेने पाठवलेल्या फोटोत मधला भाग असा दिसतो:

```
SIZE 72 x 36 x 6 IN
RB ?0D 4 IN
PUF 32D 1.5 IN
QUILT FOAM 0.5 IN
NET QTY 1 N
MFD 03/2019
```

प्रश्नचिन्ह आहे तिथला आकडा घासून गेलेला आहे. 80 असेल, 90 असेल, किंवा 100 मधले पहिले दोन आकडे एकात मिसळले असतील. तो कसा काढायचा ते पुढे बघू. आधी बाकीच्या ओळी.

पहिली ओळ माप सांगते: लांबी 72 इंच, रुंदी 36, जाडी 6. आपण जिला सहा बाय तीनची गादी म्हणतो ती ही. पुढच्या तीन ओळींतले इंच जोडून बघा. 4 अधिक 1.5 अधिक 0.5 म्हणजे बरोबर 6. ही बेरीज जुळणं फार महत्त्वाचं आहे. ती जुळली म्हणजे सगळे थर टॅगवर आलेत. जुळली नाही तर कुठलातरी थर टॅगवर लिहिलेला नाही किंवा आपण एखादा आकडा चुकीचा वाचलाय, आणि तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. बेरीज कमी पडली तर राहिलेल्या इंचात बरेचदा ईपीई फोम नावाचा हलका, थर्माकोलसारखा पांढरा थर असतो. तो स्वस्त असतो.

'नेट क्वांटिटी 1 एन' याचा वजनाशी किंवा दर्जाशी संबंध नाही. पाकिटात एक नग आहे, एवढाच त्याचा अर्थ. शेवटची ओळ म्हणजे बनवल्याचा महिना आणि वर्ष. 2019 ची गादी आहे, म्हणजे तिचा फोम बराच दबलेला असणार. हेही हिशेबात धरावं लागतं.

तिसरी पायरी: अक्षरांचा अर्थ लावा

पीयूएफ म्हणजे पॉलीयुरेथेन फोम, आपल्या बाजारातला साधा फोम. तो एकसारखा, बारीक छिद्रांचा असतो आणि दाबून सोडला की लगेच वर येतो. आरबी म्हणजे रिबॉन्डेड: फोमच्या कारखान्यात उरलेल्या तुकड्यांचा चुरा करून, डिंकासारख्या रसायनात मिसळून, दाबून केलेला ठोकळा. कापलेल्या कडेवर रंगीबेरंगी ठिपके दिसले की तो आरबी. कडक आणि जड असतो, म्हणून कंबरदुखीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाद्यांत खालचा थर त्याचाच असतो. टॅगवर आरसी किंवा 'रबराइज्ड कॉयर' असेल तर तो काथ्या, रबराच्या चिकाने बांधलेला. आरबी आणि आरसी यांत एकाच अक्षराचा फरक आहे आणि फोटोत बी व सी यांची गल्लत सहज होते. तिथे कडेचा फोटो कामी येतो, किंवा गादी हाताने दाबून वाकवून बघायला सांगा. काथ्या वाकवताना आतून कोरडा करकर आवाज देतो, आरबी मुकाट वाकतो.

एचआर हा साध्या फोमचाच सुधारलेला, जास्त उसळणारा प्रकार. साधा आणि एचआर नुसतं बघून ओळखणं नवख्याला कठीण जातं. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून सारख्याच उंचीवरून काचेची गोटी टाकली तर एचआरवर ती ठळकपणे जास्त उंच उडते. मेमरी फोमवर तीच गोटी जवळजवळ बसूनच राहते आणि हात दाबून काढला की पंजाचा ठसा हळूहळू भरून येतो. मेमरी फोम थंडीत कडक होतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बेळगावात तो दाबून पाहिला आणि मे महिन्यात पाहिला तर वेगळी गादी वाटेल, तेव्हा दुकानातल्या अनुभवावर या एका फोमच्या बाबतीत विसंबू नका.

एचडी या अक्षरांपासून मात्र सावध राहा. ती 'हाय डेन्सिटी'साठी वापरतात, पण किती हाय ते सांगत नाहीत. आकडा नसेल तर एचडी म्हणजे काहीच नाही असं धरून चाला.

चौथी पायरी: डेन्सिटीचा आकडा समजून घ्या

32 डी, 40 डी, 100 डी हे आकडे म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किलोत. मापट्याने चुरमुरे भरले आणि त्याच मापट्याने जोंधळे भरले तर माप एकच, वजन वेगळं, तसा हा प्रकार. 32 डेन्सिटीच्या एक घनमीटर फोममध्ये 32 किलो माल असतो, 40 मध्ये 40 किलो. माल जास्त असला की फोम साधारणपणे उशिरा दबतो, म्हणून आकडा टिकाऊपणाबद्दल सांगतो.

आकडा कडकपणाबद्दल मात्र सांगत नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. "40 घ्या, 32 पेक्षा कडक असतो," हे वाक्य बाजारात रोज ऐकायला मिळतं. कारखान्यात रसायनांचं प्रमाण बदलून एकाच डेन्सिटीचा मऊ फोमही करतात आणि कडकही करतात. कडकपणाचं माप वेगळं आहे, त्याला आयएलडी किंवा आयएफडी म्हणतात. आपल्याकडच्या टॅगवर ते क्वचितच छापलेलं दिसतं. म्हणून तशीच गादी शोधताना डेन्सिटी जुळवायची टॅगवरून, आणि कडकपणा जुळवायचा अंगाने: दुकानात दहा मिनिटं कुशीवर पडून.

दुसरी गोष्ट, आकडा कुठल्या थराचा आहे ते बघा. वैनींच्या टॅगवर 32 हा दीड इंचाच्या वरच्या थराचा आहे. कोणी नुसतं "32 डेन्सिटीची सहा इंची गादी द्या" असं सांगितलं तर दुकानदार सबंध साध्या फोमची सहा इंची गादी काढून देईल. त्याने सांगितल्याप्रमाणेच दिलेलं असेल, पण सासूबाईंना मानवलेली ती गादी नव्हे. तिच्यात 4 इंच आरबी आहे आणि कंबरेला आधार त्याचा आहे.

आरबीचा 80 किंवा 100 आणि साध्या फोमचा 32 किंवा 40 यांची आपसात तुलनाही करायची नाही. आरबी हा दाबून केलेला ठोकळा असल्याने त्याचा आकडा मोठाच असणार. तुलना करायची ती त्याच जातीच्या फोमशी.

पाचवी पायरी: पुसलेला आकडा वजनावरून काढा

सहा बाय तीनच्या गादीत एक इंच जाडीचा थर म्हणजे 0.0425 घनमीटर. हा एकच आकडा लिहून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. त्याला डेन्सिटीने गुणलं की त्या एक इंचाचं वजन मिळतं. 32 च्या फोमचा एक इंच साधारण 1.36 किलो, 40 चा 1.7 किलो, 100 च्या आरबीचा 4.25 किलो. चार फुटी गादीसाठी 0.0425 च्या जागी 0.057 घ्या, पाच फुटीसाठी 0.071. लांबी 75 किंवा 78 इंच असेल तर त्या हिशेबाने थोडी भर घालावी लागेल.

आता नणंदेला गादीचं वजन करायला सांगायचं. घरात उभं राहायचा वजनकाटा असेल तर गादी त्याच्यावर उभी करून एकाने नुसता तोल सांभाळायचा, भार द्यायचा नाही. आकडा वाचायला दुसरं माणूस लागतं. साध्या फोमची हलकी गादी असेल तर ती कवेत घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं. निपाणीत ओळखीची तंबाखूची वखार असेल तर तिथला काटा याहून चांगला. वजन कोरड्या दिवसात करा. पावसाळ्यात ओल धरलेली गादी, विशेषतः काथ्याची, जास्त भरते आणि सगळा हिशेब वर सरकतो.

समजा गादी चेनची आहे आणि नणंदेने खोळ काढून दोन्ही वेगळं तोललं. वरचा अर्ध्या इंचाचा क्विल्टिंगचा फोम खोळीला शिवलेला असतो, तो खोळीबरोबर गेला. आतला ठोकळा भरला 18.6 किलो. त्यात दीड इंच 32 चा फोम आहे: 1.36 गुणिले 1.5, म्हणजे सुमारे 2 किलो. उरले 16.6 किलो, ते 4 इंच आरबीचे. 4 इंच म्हणजे 0.17 घनमीटर. 16.6 भागिले 0.17 केलं की 97 ते 98 येतात.

आरबी 90 चा असता तर ठोकळा 17.3 किलो भरला असता, 80 चा असता तर 15.6. घरगुती काटा अर्धा किलो इकडे-तिकडे दाखवू शकतो आणि कापणीतही थोडा फरक पडतो, तरीही 18.6 हे 100 च्याच जवळ बसतं. म्हणजे पुसलेला आकडा 100.

खोळ निघत नसेल तर सगळी गादी एकत्र तोला आणि कापड व क्विल्टिंगसाठी 2 ते 3 किलो सोडा. अंदाज जरा सैल होतो, पण 80 आणि 100 यांच्यातला फरक तरीही लपत नाही.

या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती नीट लक्षात घ्यायला हवी. जड थराचा आकडा वजनावरून कळतो, हलक्या थराचा कळत नाही. वैनींच्या टॅगवर 32 च्या जागीच डाग असता, तर 32 आणि 40 यांत दीड इंचाला जेमतेम अर्ध्या किलोचा फरक पडला असता. तेवढा फरक तर काट्याच्याच चुकीत बुडतो. वरचा थर सुटा असेल तर तो एकटा वेगळा तोलावा, डिंकाने चिकटवलेला असेल तर वजनाचा नाद सोडून कार्ड किंवा कंपनीकडे वळावं.

दबलेल्या गादीचा फसवा हिशेब

सबंध साध्या फोमच्या गादीत एक वेगळी चूक होते. समजा टॅगवर जाडी 5 इंच आहे, डेन्सिटीची ओळ नाही, आणि आतला फोम 6.8 किलो भरतो. पट्टी लावून मोजलं तर जाडी सव्वाचार इंच येते, कारण गादी दबलेली आहे. सव्वाचार इंच धरून हिशेब केला तर डेन्सिटी 38 च्या जवळ येते आणि माणूस म्हणतो, ही तर 40 ची. टॅगवरचे 5 इंच धरले तर बरोबर 32 येतात, आणि तेच खरं. फोम दबला तरी त्यातला माल कमी होत नाही, जागा कमी होते. डेन्सिटी काढायची ती नेहमी टॅगवरच्या मूळ जाडीवरून.

त्याच कारणाने नवी गादी, अगदी त्याच मालाची घेतली तरी, पहिले काही आठवडे जुन्यापेक्षा कडक लागेल. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर दुसऱ्याच दिवशी "ही ती गादी नव्हे" असं होतं. 2019 च्या गादीवरचा साधा फोम मऊ पडलेला असतो, आरबी फारसा बदललेला नसतो. म्हणून फरक लागला तर तो वरच्या वरच लागेल, कंबरेच्या आधारात लागू नये.

सहावी पायरी: कंपनी ओळखा

पॅकबंद मालावर काय छापायचं हे 2011 च्या लीगल मेट्रॉलॉजी नियमांत ठरलेलं आहे: बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं साधं नाव, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. डेन्सिटी या यादीत नाही. म्हणून डेन्सिटी नसलेला टॅग नकली ठरत नाही, पण बनवणाऱ्याचं नाव-पत्ताच नसलेल्या टॅगकडे संशयाने बघावं.

'मॅन्युफॅक्चर्ड बाय' आणि 'मार्केटेड बाय' या दोन ओळी वेगळ्या वाचा. गादी एका ठिकाणी बनते, नाव दुसऱ्याचं लागतं. तशीच गादी शोधताना मार्केटिंग करणाऱ्याचं नाव आणि मॉडेलचं नाव लागतं. नावं काळानुसार बदलतातही. कर्लऑन हे काथ्याच्या गाद्यांमुळे कर्नाटकात घरोघरी पोचलेलं नाव. 2023 मध्ये स्लीपवेल बनवणाऱ्या शीला फोमने त्या कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला. अशा वेळी जुन्या टॅगवर एक कंपनी आणि नव्या टॅगवर दुसरी दिसली तरी घाबरायचं कारण नाही, ब्रँडचं नाव आणि थरांची ओळ ताडून बघायची.

पत्त्यावर डाग असेल तर पिन कोड शोधा. 5 ने सुरू होणारा पिन कर्नाटक, आंध्र, तेलंगणाचा, 4 ने सुरू होणारा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा. बेळगाव जिल्ह्यातले पिन 59 ने सुरू होतात. बिल हाताशी असेल तर जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: 29 कर्नाटक, 27 महाराष्ट्र, 30 गोवा. आपल्या भागात हे उपयोगी पडतं, कारण निपाणीतला माणूस गादी कोल्हापुरातही घेतो आणि बेळगावातही. gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये तो क्रमांक टाकला की दुकानाचं किंवा कंपनीचं नोंदणीतलं नाव समोर येतं.

आयएसआयची खूण असेल तर तिच्या वरचा आयएस क्रमांक वाचा. 7933 हे घरगुती गाद्यांच्या पॉलीयुरेथेन फोमचं मानक, 8391 हे रबराइज्ड काथ्याच्या शीटचं. खुणेखाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो BIS Care ॲपमध्ये Verify Licence Details मध्ये टाकून परवाना कोणाच्या नावावर आहे ते बघता येतं. टॅगवरची कंपनी आणि ॲपमधली कंपनी वेगळी निघाली तर तो माल घेऊ नये. 'आयएसओ 9001' ही वेगळी गोष्ट, ती कंपनीच्या कामाच्या पद्धतीबद्दल असते, फोमच्या दर्जाबद्दल नव्हे.

नावातलं एखादं अक्षर बदलून केलेल्या पट्ट्याही बाजारात दिसतात. फोटो मोठा करून नावाचं स्पेलिंग कंपनीच्या वेबसाईटवरच्या स्पेलिंगशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. आणि त्याच मॉडेलचं नाव आजही चालू असेल तरी आतले थर तेच असतील असं गृहीत धरू नका. कंपन्या नाव ठेवून आतला माल बदलतात. 2019 चा टॅग आणि आजचा टॅग शेजारी ठेवूनच निर्णय घ्या.

सातवी पायरी: दुकानात, हातात काटा घेऊन

आता वैनींकडे मागणी तयार आहे: सहा बाय तीन, खाली 4 इंच आरबी 100, वर दीड इंच साधा फोम 32, वर अर्ध्या इंचाचं क्विल्टिंग. दुकानात 'ऑर्थो' म्हणून सहा इंचीच, त्याच रंगाची गादी दाखवतील. "आत काय आहे दादा, थर सांगा," एवढाच प्रश्न विचारायचा. उत्तर "काथ्या आणि 32 फोम" असं आलं तर ती वाईट गादी नाही, पण वेगळी गादी आहे. काथ्या आणि आरबी यांचा आधार अंगाला निराळा लागतो.

हवे तेच थर तयार गादीत मिळत नसतील तर थर लावून गादी करून देणारे कारागीर बेळगावात आणि निपाणीत आहेत. तिथे डेन्सिटी तोंडी सांगितली जाते, म्हणून ती तपासायची सोपी युक्ती माहीत हवी. 10 सेंटिमीटर लांब, 10 रुंद, 10 उंच असा फोमचा तुकडा जितके ग्रॅम भरतो तितकी त्याची डेन्सिटी. 32 चा तुकडा 32 ग्रॅम, 100 चा 100 ग्रॅम. नमुन्याचे तुकडे बहुतेक पातळ असतात, तेव्हा 10 बाय 10 चा 5 सेंटिमीटर जाडीचा तुकडा घेऊन आलेलं वजन दुप्पट करा, अडीच सेंटिमीटरचा असेल तर चौपट. किराणा दुकानातला काटा एवढ्या कमी वजनाला चालत नाही, सराफाचा किंवा बेकिंगसाठी वापरतात तो स्वयंपाकघरातला छोटा काटा न्या. 32 म्हणून दिलेल्या, 5 सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याचं वजन 12 ग्रॅम आलं, तर तो 24 चा फोम आहे. त्यावर वाद घालायची गरज पडत नाही, काटा समोर असतो.

वजन बरोबर येऊनही फोम हलक्या प्रतीचा असू शकतो, कारण काही कारखाने फोममध्ये खडूची भुकटी मिसळतात. त्याने डेन्सिटी वाढते, ताकद वाढत नाही, उलट फोम लवकर मोडतो. तुकडा काळ्या कापडावर जोरात घासून बघा, पांढरी भुकटी पडली तर तो नको. मग दोन्ही हातांनी कडेपासून फाडायचा प्रयत्न करा. चांगला साधा फोम ताणला जातो आणि उशिरा फाटतो, भुकटी भरलेला पटकन तुटतो. आरबीच्या तुकड्यात कडेला नखाने खरवडून बघा. चुरा सहज सुटत असेल तर त्यात डिंक कमी पडलाय आणि वर्षभरात त्याच्यात खड्डे पडतील.

माल पटला की बिलावर थर लिहून घ्या: कुठला फोम, किती इंच, किती डेन्सिटी. "फोम गादी 1 नग" एवढंच लिहिलेलं बिल पुढे भांडायला उपयोगी पडत नाही. बेळगावच्या दुकानात बिल कन्नडमध्ये छापलेलं असलं तरी थर आणि आकडे हाताने लिहून, शिक्का घेऊन ठेवावेत.

गादी घरी आली की प्लास्टिक फाडण्याआधी टॅगचा फोटो काढा, थरांची बेरीज करा आणि गादी एकदा तोलून बघा. वैनींची गादी खोळीसकट 21 किलोच्या आसपास भरायला हवी. 17 किलो भरली तर आरबी 100 चा नाही, आणि प्लास्टिक फाडलेलं नसताना, गाडीवाला दारात असतानाच ती परत पाठवणं सगळ्यात सोपं असतं.